चार वाजताची नोंद

औषधांच्या गोदामात त्याला सगळे डिग्री म्हणत. शिक्षण बेताचंच, पण गोदामाच्या मागच्या अंगाला असलेल्या थंड खोलीचा तो रखवालदार, आणि खोलीचं तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवणं हे त्याचं काम. बावीस वर्षं त्याने तेच केलं होतं. दार उघडून आत पाऊल टाकलं की भिंतीवरच्या मापकाकडे न बघता तो आकडा सांगायचा, आणि दशांशाचा फरक सोडला तर तो बरोबर निघायचा. नवीन आलेल्यांना हा खेळ दाखवायला लोक त्याला मुद्दाम आत पाठवत. वर कुणीतरी जुना विनोद करायचं, की अख्ख्या गोदामात डिग्री नसलेला हा एकटाच, आणि नाव मात्र यानेच घेऊन ठेवलंय.

थंड खोलीत काम करणाऱ्याची आधी बोटांची टोकं जातात. मग कानांच्या पाळ्या. दुखत नाही; आपलं काहीतरी आपल्याजवळ नाही, एवढंच जाणवतं. बाहेर आल्यावर पाचेक मिनिटांनी ते परत येतं, आणि येताना दुखतं. डिग्रीला याची इतकी सवय झाली होती की घरी जेवताना घास गरम आहे की गार हे त्याला बायकोला विचारावं लागे. ती म्हणायची, गरम आहे, फुंकर मारा. तो मारायचा.

खोलीबाहेर दोरीला बांधलेली एक जाड वही असे. दर दोन तासांनी भिंतीवरच्या मापकावरचा आकडा बघायचा, वहीत वेळेसमोर लिहायचा आणि सही करायची. आठला, दहाला, बाराला, दोनला, चारला, सहाला. गोदामाचा सगळा मान या वहीवर होता. औषधं बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं तपासणीला आली की आधी ही वही मागत.

भानगड होती ती चारची. चार वाजता गाड्या लागत. दार अर्धा-पाऊण तास सताड उघडं राही, खोकी बाहेर जात आणि आत येत. तेवढ्यात भिंतीवरचा मापक नऊवर, कधी दहावर चढे. औषधांना त्याचं काही होत नसे. खोलीच्या मधोमध बाटलीत बुडवून ठेवलेला दुसरा मापक आपोआप नोंदी ठेवायचा, आणि तो पाचाच्या आसपासच राही. दार लागलं की वीस मिनिटांत भिंतीवरचा आकडाही खाली येई. पण वहीत आठच्या वरचा आकडा लिहिला की विचलन अहवाल भरायचा, असा नियम होता. तीन पानं, तीन सह्या, आणि गुणवत्ता विभागाचा माणूस येईपर्यंत गाडी तिथेच उभी. म्हणून फार वर्षांपूर्वी डिग्रीने एक रीत पाडली. दोनची नोंद करतानाच चारचीही करून टाकायची. दोनला ४.७ असेल तर चारला ४.९. पुढे बाकीच्या दोन खोल्यांवर जे रखवालदार आले त्यांना त्यानेच काम शिकवलं, आणि कामाबरोबर ही रीतही शिकवली. ते या नोंदीला ‘दोनचा धाकटा’ म्हणत. धाकटा लिहिलास का, असं एकमेकांना विचारत. तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि वरिष्ठांना माहीत असलंच तर त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशीही त्याने दोनला दोन्ही नोंदी केल्या. पावणेतीनला मापकांची अचूकता तपासणारा माणूस आला आणि भिंतीवरचा मापक काढून घेऊन गेला. नेल्याच्या कागदावर सही डिग्रीनेच केली, वेळही त्यानेच लिहिली. अशा वेळी हातातला मापक वापरायचा आणि नोंदीपुढे तसं लिहायचं, हा नियमही त्याला तोंडपाठ होता. पण चारची नोंद डोक्यातून दोनलाच संपलेली होती. जे झालेलंच आहे ते परत कोण आठवतं? पाचला दहा कमी असताना मापक परत भिंतीवर लागला. डिग्रीने परत सही केली.

तीन आठवड्यांनी गुणवत्ता विभागाकडून तपासणीला आलेल्या एका तरुण मुलीने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. चार वाजता वहीत होतं ४.९. चार वाजता भिंतीवर होता फक्त खिळा.

गोदामात हसू पसरायला तासभरही लागला नाही. डिग्रीने खिळ्याचा ताप मोजला, म्हणे. रखवालदारांतला दुसरा, ज्याला जावईबापू म्हणत, कारण तो कामावरही कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि चहा कुणीतरी हातात आणून देईपर्यंत जागचा हलत नसे, तो मात्र हसला नाही. दुपारी येऊन त्याने हळूच विचारलं, की वही किती मागेपर्यंत बघताहेत. डिग्री म्हणाला, त्या एकाच दिवसाची.

आणि तसंच झालं. चौकशीत त्याला त्या एकाच नोंदीबद्दल विचारलं गेलं. बघून लिहिलं नव्हतं, असं त्याने सांगितलं. माल सुरक्षित होता, हे बाटलीतल्या मापकावरून दिसत होतंच. बारा महिन्यांचा लेखी इशारा मिळाला. त्याविरुद्ध अपील करायला दहा दिवस होते. त्याने केलं नाही. सही करून कागद घडी घातला, खिशात ठेवला आणि सहाची नोंद करायला गेला. घरी सांगितलं ते इतकंच, की कामावर थोडं बोलणं झालं.

बायकोने फार खोदलं नाही. तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. ती शाळांचे गणवेश शिवायची, घराच्या पुढच्या खोलीत. एक मशीन, एक कापायचं टेबल, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत निळे-करडे गठ्ठे. पाहुणा आला तर गठ्ठ्यावरच बसे. दोन गल्ल्या सोडून एक गाळा रिकामा झाला होता. ती टेप घेऊन जाऊन तो मोजून आली होती. मशीन दाराशी, उजेडाला. टेबल आत. आरसा डावीकडे, म्हणजे मुलांना स्वतःला बघता येईल आणि आया रस्त्याकडे बघत बसणार नाहीत. गाळ्याचा मालक, शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला म्हातारा, अनामत रकमेसाठी महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. ती रक्कम म्हणजे डिग्रीचा वर्षाचा बोनस. साधारण दोन पगारांइतका. निम्मा आला तरी चालणार होतं. निम्मं आत्ता, निम्मं सहा महिन्यांनी, असं तिने म्हाताऱ्याला घोळात घेऊन ठरवून टाकलं होतं.

बोनसच्या आठवड्यात पाकीटबाईंनी त्याला वर बोलावलं.

पाकीटबाई मनुष्यबळ विभागात होत्या. चांगली वाईट सगळी पत्रं त्या स्वतः हातात देत, टपालात टाकत नसत, म्हणून ते नाव. त्यांच्या टेबलावर पाकीट दिसलं की माणूस आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा, आणि त्यांनी चेहरा असा कमावला होता की त्यावरून काही कळू नये. त्यांनी डिग्रीला बसवलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, की हे आधी वाचा, घाई नाही.

पत्रावर त्याचं पूर्ण नाव होतं. वडिलांचं नाव मध्ये. ते नाव वाचताना त्याला दुसऱ्याच कुणाचं पत्र उघडल्यासारखं वाटलं.

‘वार्षिक कामगिरी बोनस योजनेच्या नियम ७.३ अन्वये, देयकाच्या तारखेस ज्या कर्मचाऱ्याविरुद्ध वर्तनविषयक लेखी इशारा अंमलात असेल, त्याचा बोनस पूर्णतः अथवा अंशतः रोखण्याचा अधिकार बोनस समितीस आहे. आपणास दिलेला इशारा देयकाच्या तारखेस अंमलात आहे. नोंदवहीतील विसंगतीचे गांभीर्य लक्षात घेऊन समितीने या योजना-वर्षाचा आपला बोनस पूर्णतः रोखण्याचा निर्णय घेतला आहे. आपले मासिक वेतन व कायद्याने देय असलेल्या रकमा यांवर या निर्णयाचा परिणाम होणार नाही.’

खाली आणखी एक परिच्छेद होता. निर्णय मान्य नसेल तर नियम ९ प्रमाणे पत्र मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत कारणांसह लेखी अर्ज करून पुनर्विलोकन मागता येईल. ते मूळ निर्णयात सहभागी नसलेल्या अधिकाऱ्यापुढे होईल. सोबत एक सहकारी आणता येईल. सुनावणीनंतर पंधरा कामाच्या दिवसांत लेखी निर्णय मिळेल आणि तो या योजनेपुरता अंतिम राहील. मूळ इशाऱ्याची फेरतपासणी त्यात होणार नाही.

त्याने दोनदा वाचलं. आत काहीच झालं नाही. पेपरवेटखाली दाबलेला कागद पंख्याने फडफडत होता, तेवढा त्याने बघितला.

“रोखला म्हणजे पुढे कधीतरी मिळेल?” त्याने विचारलं.

“नाही काका. या वर्षाचा गेला. पुढच्या वेळेपर्यंत इशाऱ्याची मुदत संपलेली असेल, तेव्हा पुढच्या वर्षाचा मिळू शकेल.” पाकीटबाईंनी पत्र आपल्याकडे वळवलं. “मी काय करा ते सांगू शकत नाही. पण शब्द नीट बघा. पूर्णतः अथवा अंशतः, असं आहे. समितीने पूर्णतः धरलंय. अर्ज करायचा तर त्यावर करता येतो. इशारा चुकीचा होता, असं लिहून उपयोग नाही. ती वेळ तुम्ही घालवलीत.”

त्याने मिळाल्याची सही केली. तारीख घातली. वेळेचाही रकाना होता. घड्याळाकडे बघून त्याने वेळ लिहिली.

घरी पत्र बायकोनेच वाचलं, मशीनच्या दिव्याखाली धरून. ती एकेक शब्द शिलाई तपासल्यासारखी बघत होती. तिने पहिल्यांदा ‘वर्तनविषयक’ या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, कुणाशी काही वावगं बोललात का? तो नाही म्हणाला. कुणावर हात टाकलात? नाही. मग वर्तन कसलं? त्याने मापकाचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं. रीतीचं सांगितलं नाही. एकदा चुकून झालं, असं तिला त्यातून समजलं, आणि त्याने ते तसंच राहू दिलं.

अर्ज तिने त्याच रात्री लिहायला लावला. बावीस वर्षांत एकही ठपका नाही. माल खराब झाला नाही. चौकशीत काही लपवलं नाही. सबब बोनस पूर्ण न रोखता अंशतः द्यावा. ‘सबब’ हा शब्द तिचा; अशा अर्जात तो असतोच, असं तिचं म्हणणं. डिग्री लिहीत गेला. त्याचं अक्षर सुरेख होतं, वहीतल्या अक्षरासारखं, एका उंचीचं. चौकशीत काही लपवलं नाही, या वाक्यावर त्याचं पेन जरासं अडखळलं. मग तेही लिहून झालं.

दोन दिवसांनी जावईबापू घरी आला. गठ्ठ्यावर बसला, इस्त्री मोडणार नाही अशा बेताने. चहा हातात मिळेपर्यंत त्याने हवापाण्याचं बोलून घेतलं. बायको आत गेल्यावर म्हणाला, की तिसऱ्या खोलीवाल्याचं आणि माझं बोलणं झालंय. दोघांचा बोनस परवाच खात्यात आला. त्यातून थोडं थोडं काढून देऊ म्हणतोय. उसने नव्हे, तसेच.

“कशासाठी?” डिग्रीने विचारलं.

“तसं काही नाही रे. पण तिथे गेल्यावर, सगळेच करतात, असं माणूस बोलून जातो. आपलं बुडालं की दुसऱ्याचंही आठवतं.”

“मी बोललोय का आत्तापर्यंत?”

“नाही बोललास. म्हणूनच तर आलो.” जावईबापूने कप खाली ठेवला. “आणि बरोबर एक माणूस नेता येतो ना? मी येतो. तेवढाच तुला आधार.”

आधार कुणाला कुणाचा, हे दोघांनाही समजत होतं. पैसे नकोत, असं डिग्रीने सांगितलं. बरोबर ये, म्हणाला. का म्हणाला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. कदाचित एकट्याने त्या खोलीत बसायचं नव्हतं, एवढंच असेल.

पुनर्विलोकनाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एरवी तिथे नव्या लोकांचं प्रशिक्षण चाले. फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेला बाण होता. अधिकारी बाई दुसऱ्या गोदामातून आलेल्या होत्या, हिशेब विभागाच्या प्रमुख. केस पांढरे, आवाज खालचा. पाकीटबाई टिपणं घ्यायला कोपऱ्यात. जावईबापू डिग्रीच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखा.

बाईंनी आधी सगळं नीट समजावलं. इशारा योग्य की अयोग्य, हे त्या ठरवणार नव्हत्या. समितीने नियम बरोबर लावला का, सगळ्या गोष्टी लक्षात घेतल्या का, आणि पूर्ण रोखण्याऐवजी अंशतः रोखणं रास्त ठरेल का, एवढंच त्यांच्यापुढे होतं. डिग्रीचा अर्ज त्यांनी मोठ्याने वाचला. बावीस वर्षांची सेवापुस्तिका समोर होती. त्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग त्या म्हणाल्या, की समितीच्या कागदांत या नोंदींकडे बघितल्याचं दिसत नाही, आणि ते त्यांना खटकतंय. इतक्या वर्षांत एकदाच झालेली चूक आणि सवयीने होणारी चूक, या दोन वेगळ्या गोष्टी. आधीच्या वर्षी अशाच एका प्रकरणात निम्मा बोनस दिला गेला होता.

निम्मा, हा शब्द डिग्रीने ऐकला. जावईबापूनेही ऐकला, त्याचे खांदे सैल झाले.

“म्हणून मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे,” बाई म्हणाल्या. “हे एकदाच झालं होतं ना?”

प्रश्न तसा उत्तरासकटच आला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. खोली फार गरम होती, किंवा डिग्रीला तसं वाटलं. बंद खिडक्या, वर मंद पंखा. सत्तावीस असेल, त्याच्या मनात आलं. सत्तावीसच्या वर, अठ्ठावीसच्या आत. बायकोने मोजलेला गाळा त्याला आठवला, दाराशी मशीन, डावीकडे आरसा. मनातल्या मनात तो त्या आरशाकडे बघत होता आणि आरशात काही दिसत नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला.

पाकीटबाईंचं पेन थांबलं.

“किती वेळा?”

“रोज. चारची नोंद मी दोनलाच करायचो. गाडीच्या वेळी आकडा चढतो, म्हणून.”

बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की हे त्यांना लिहून घ्यावं लागेल, आणि गुणवत्ता विभागालाही कळवावं लागेल. ते या पुनर्विलोकनाच्या बाहेरचं आहे. आणखी बोलण्याआधी थोडा वेळ हवा असेल तर बाहेर जाऊन या, सहकाऱ्याशी बोलून या. डिग्री म्हणाला, नको. जावईबापूने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो स्वतःच्या बुटाच्या नाडीकडे बघत होता, जणू तिथेच काहीतरी सुटलेलं आहे.

“ही पद्धत तुमच्या एकट्याची, की बाकीच्यांचीही?”

“मीच पाडली ती,” डिग्री म्हणाला. “त्यांना काम मी शिकवलं. मी सांगितलं तसं ते शिकले.”

पुढे त्याने बाकीचंही सांगितलं. तीन पानांचा अहवाल, तीन सह्या, उभी राहणारी गाडी. सांगताना तो सलग बोलत होता, एका उंचीच्या आवाजात. आठच्या वरचा आकडा खरा लिहिला की शिक्षा गाडीला होते, आणि गाडीवाला शिव्या रखवालदाराला देतो, असं तो म्हणाला. बाईंनी तेही लिहून घेतलं. शेवटी त्यांनी टिपणं वाचून दाखवली, त्याने सही केली. सगळं मिळून पन्नास मिनिटं झाली.

जिन्यात जावईबापू दोन पायऱ्या पुढे होता. खाली पोचल्यावर वळून म्हणाला, “अरे, नुसतं हो म्हणायचं होतं.” रागावलेला नव्हता. एखाद्याने हातातला पेला का सोडला, असं विचारावं तसा त्याचा चेहरा होता. बाईंनी किती वेळा, असं विचारलं, डिग्री म्हणाला. आकडा विचारला. जावईबापू चहाला न थांबता निघून गेला. त्यानंतर बरेच दिवस तो डिग्रीशी कामापुरतंच बोलला.

गुणवत्ता विभागाने तिन्ही खोल्यांच्या वह्या नेल्या. आठवडाभर कुणी जेवणाच्या टेबलावर विनोद केला नाही. नवा इशारा कुणालाच मिळाला नाही. तिघांना परत दोन दिवस शिकवणीला बसवलं, आणि शिकवणारी तीच तपासणीवाली तरुण मुलगी होती. नियमही बदलला. गाडीच्या वेळी दार उघडं असताना आकडा चढला आणि अर्ध्या तासात आठच्या आत आला, तर एका ओळीचा शेरा पुरे; तीन पानांची गरज नाही. इतकं सोपं होतं ते. बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि डिग्रीनेही कुणाला सांगितलं नव्हतं. गाडीवाल्यांनी त्याला बिस्किटांचा पुडा आणून दिला. त्याने तो घेतला आणि कपाटात ठेवला.

निर्णयाचं पत्र बाराव्या दिवशी आलं. पाकीटबाईंनी ते द्यायला वर बोलावलं नाही, त्याच खाली आल्या, थंड खोलीच्या दाराशी, शाल गुंडाळून. समितीने अंशतः रोखण्याचा विचार केल्याची नोंद नव्हती आणि ती त्रुटी होती, असं पत्रात म्हटलं होतं. तरीही पुनर्विलोकनात समोर आलेली वस्तुस्थिती पाहता पूर्ण बोनस रोखण्याचा निर्णय कायम करण्यात येत होता. कर्मचाऱ्याने स्वतःहून दिलेल्या माहितीची नोंद सेवापुस्तिकेत घेतली जाईल, असं शेवटी एक वाक्य होतं.

“हे वाक्य त्यांनी मुद्दाम घातलंय,” पाकीटबाई म्हणाल्या.

“त्याचं काय होतं?”

“काही होत नाही,” त्या म्हणाल्या. थंडी सोसेना म्हणून लगेच वर गेल्या.

घरी त्याने पत्र मशीनवर ठेवलं. बायको बाह्यांना पट्टी लावत होती. तिने हातातली बाही पूर्ण केली, दोरा तोडला, मग वाचलं. ‘पुनर्विलोकनात समोर आलेली वस्तुस्थिती’ इथे ती थांबली.

“काय समोर आलं?”

मग त्याने तिला रीत सांगितली. दोनचा धाकटा सांगितला. प्रश्न सांगितला आणि आपण काय म्हणालो ते सांगितलं. सगळं ऐकल्यावर ती उठली, आत जाऊन तोंड धुऊन आली, साडी बदलली. महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते.

“चला,” ती म्हणाली. “म्हाताऱ्याला सांगून येऊ. अडकवून ठेवायला नको त्याला.”

त्याने विचारलं, मी कशाला? चप्पल घालून ती दाराशी उभी राहिली.

दोघं चालत गेले. ती अर्धं पाऊल पुढे, नेहमीसारखी. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आतल्या फरशीवर तिने खडूने मारलेल्या खुणा अजून दिसत होत्या; मशीनचे चार पाय, टेबलाचे चार. म्हातारा काचेमागे कुणाची तरी फ्रेम घासत होता. तिला बघून उत्साहाने बाहेर आला, म्हणाला, आलात का वहिनी, मी रंगारी बोलावून ठेवतो.

“रंगारी नको,” ती म्हणाली. “गाळा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. आमचं जमत नाही.”

“का हो? निम्म्यावर तर ठरलं होतं.”

डिग्री तिच्या मागे उभा होता. पत्रातले शब्द त्याच्या डोक्यात ओळीने उभे होते. विसंगती. वर्तनविषयक बाब. वस्तुस्थिती. ती यांपैकी एखादा उचलेल, किंवा यंदा बोनस उशिरा आहे असं म्हणेल, असं त्याला वाटलं. ती असं सहज म्हणू शकली असती. लोक म्हणतात.

“ह्यांचा बोनस थांबवलाय,” ती म्हणाली. “वहीत खोटं लिहीत होते, म्हणून.”

म्हातारा गोंधळला. त्याने डिग्रीकडे बघितलं, मग फ्रेमकडे. रस्त्यावरून एक सायकल गेली. इतक्या महिन्यांत, चौकशीत, दोन पत्रांत, जिन्यात, कुणीही तो शब्द उच्चारला नव्हता. स्वतः डिग्रीनेसुद्धा नाही. तो ऐकल्यावर आधी त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग गाल. मग बोटांच्या टोकांपर्यंत काहीतरी उतरत गेलं, आणि उतरताना दुखत गेलं.

“आणि विचारलं तेव्हा कबूलही ह्यांनीच केलं,” ती त्याच आवाजात पुढे म्हणाली. “नाहीतर मिळाला असता निम्मा.”

म्हातारा बरं बरं म्हणाला. मग तिने पदर खोचला, शटरखालून वाकून आत गेली आणि पायाने खडूच्या खुणा पुसू लागली, एकेक पाय घेऊन, टेबलापासून. डिग्री क्षणभर बाहेर उभा राहिला. चेहरा अजून तापलेला होता. तोही वाकून आत गेला आणि दाराकडच्या बाजूने, मशीनच्या पायांपासून पुसायला लागला.